टेबल-शेजाऱ्याचे टोमणे आणि अबोला: कामाला येणारे उपाय लिहा (अनुभव धागा)

तिसरा मजला

ऑफिसातल्या भांडणांवर धागे पुष्कळ झाले. हा धागा भांडण न करणाऱ्यांवर आहे. शेजारच्या टेबलावरचा माणूस आवाज चढवत नाही, शिवी देत नाही, तक्रारही करत नाही. तो फक्त "आलात का? आम्हाला वाटलं आजही वेळ मिळायचा नाही" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणतो. नाहीतर तुमच्याशी बोलणंच बंद करतो आणि पलीकडच्याशी मात्र खळखळून हसतो. दोन खुर्च्यांत चार फूट अंतर आणि रोजचे आठ-नऊ तास.

विनंती एकच. "आमच्या ऑफिसात एक बाई होती" अशा सुरस कथा नकोत. काय म्हणायचं, कधी म्हणायचं, किती वेळा, आणि कुठे बिघडतं ते लिहा. "दुर्लक्ष करा" एवढाच प्रतिसाद द्यायचा असेल तर कृपया याच धाग्याकडे दुर्लक्ष करा.

जुनी फाइल

मनुष्यबळ विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तो अबोलाच आहे का ते बघा. माणूस सगळ्यांशीच कमी बोलत असेल, डबाही एकटाच खात असेल, कामात चुका वाढल्या असतील, तर घरी काही चालू असेल, ऐकू कमी येत असेल किंवा कामाखाली दबला असेल. तो रुसवा नव्हे. इतरांशी नेहमीसारखा आणि तुम्ही आलात की बोलणं तुटतं, तर मात्र तो तुमच्यासाठीच आहे. दुसरं, कामाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं का? गप्पा बंद पण कामाचं उत्तर वेळेवर, ही त्याची मर्जी. सहकाऱ्याने मैत्री करावी असा कुठलाच सेवानियम नाही आणि अशी तक्रार घेऊन आलात तर मी तुम्हालाच परत पाठवीन. तिसरं, सुरुवात कधी झाली ते आठवा. बहुतेकदा एखादी बढती, कामाची अदलाबदल, साहेबांना सीसी केलेली मेल किंवा मीटिंगमध्ये न घेतलेलं नाव यांपैकी काहीतरी निघतं.

आता टोमणा. त्यात थोडा मजकूर असतो आणि बाकी काटा. उत्तर फक्त मजकुराला द्यायचं. समजा कामाची वेळ ९.३० आणि तुम्ही ९.५० ला आलात. शेजारी म्हणतो, "या या, दुसरी पाळी आली!" तुम्ही हसलात तर बघणाऱ्यांच्या हिशेबी चेष्टा तुम्हाला मान्य झाली. ट्रॅफिकचा, मुलाच्या शाळेचा खुलासा सुरू केलात तर तुम्ही त्याला बसल्याजागी तुमचा साहेब केलात. चालणारं उत्तर असं: "आज उशीर झाला, साहेबांना कळवलंय. सकाळी माझ्याकडून काही हवं होतं का?" आवाज सपाट, हसू नाही, कपाळाला आठी नाही. उत्तराला एक श्वासभर वेळ द्या आणि स्क्रीनकडे वळा. बहुधा "नाही नाही, सहजच" येतं. "हो, ते स्टेटमेंट हवं होतं" असं आलं तर आणखी बरं, खरी तक्रार हाताला लागली.

यात बिघडतं ते शेवटच्या पायरीला. उत्तर दिल्यावर जी शांतता पडते ती लोकांना सोसवत नाही. मग "म्हणजे काय आहे ना, काल रात्री..." असं शेपूट जोडलं जातं आणि सगळं पाण्यात जातं.

त्याच विषयावर टोमणे येतच राहिले तर एकट्याला गाठून एकदाच बोला. चहाच्या टेबलावर नको, लिफ्टमध्ये नको, तो घाईत असताना नको. "सर, माझ्या वेळेवरून सगळ्यांसमोर बोलता ते मला नको आहे. त्यामुळे तुमचं काही अडत असेल तर मला थेट सांगा." एवढंच. "तुम्ही नेहमी" आणि "सगळेच म्हणतात" हे शब्द टाळा, कारण मग "कोण सगळे? नावं सांगा" यावरच संध्याकाळ होते. समोरून हमखास येणार, "अहो, चेष्टा केली. एवढं काय मनावर घेता!" त्यावर "चेष्टा असेलही. तरी नको." आणि उठायचं.

यानंतर टोमणे थोडे दिवस वाढतात किंवा त्यांची जागा अबोला घेतो. उपाय फसला असं समजून लोक इथेच माघार घेतात. निदान महिनाभर तेच उत्तर, त्याच आवाजात द्यावं लागतं.

कोल्हापुरी ठसका

एवढं नाजूक कशाला हो? एकदाच दणक्यात परतवायचं. "दुसरी पाळी आली" म्हणाला की, "होय, पहिल्या पाळीत काम कमी आणि घड्याळाकडे बघणंच जास्त झालेलं दिसतंय." सगळे हसतात आणि त्याचं तोंड बंद. आमच्याकडं असंच चालतं.

जुनी फाइल

चालतं, नाही असं नाही. पण तीन गोष्टी जुळाव्या लागतात: तो तुमच्या बरोबरीचा हवा, हसणारे तुमच्या बाजूचे हवेत आणि तुमची जीभ त्याच्याहून धारदार हवी. ज्येष्ठ माणसावर हे वापरलंत तर संध्याकाळपर्यंत गोष्ट एवढीच उरते की तुम्ही उद्धट आहात. त्याचा टोमणा कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय पुढे तक्रारीची वेळ आली तर समोरच्याकडेही तुमचं एक वाक्य जमा असतं.

कोल्हापुरी ठसका

ज्येष्ठांचं मान्य. बरोबरीच्याला मात्र मी सोडणार नाही.

सोसायटीवाला

आमचा शेजारी जाताना-येताना "काय, गाडी नवीन घेतली वाटतं, पार्किंग मात्र जुनंच" असं म्हणतो आणि समोर आला की मान फिरवतो. वरून कुंड्यांचं पाणी नेमकं आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. कमिटीला लेखी दिलं तर सेक्रेटरी म्हणतो आपसात मिटवा. काय करावं?

तिसरा मजला

सोसायटीवाले, हा टेबलाच्या शेजाऱ्यांचा धागा आहे. कुंड्यांसाठी वेगळा काढा, तिथेही गर्दी होईल!

खिडकीपाशी

मी वाचतच होते, पण आता विचारते. माझा प्रसंग चालू आहे, म्हणून कथा न सांगता फक्त मांडणी देते.

मध्यम आकाराचा कारखाना, अकाउंट्स विभाग. शेजारच्या टेबलावर माझ्याहून बरेच ज्येष्ठ सर, त्यांच्याकडे खरेदीच्या नोंदी. जीएसटी रिटर्न पूर्वी तेच भरायचे, एप्रिलपासून व्यवस्थापनाने ते माझ्याकडे दिलं. तेव्हापासून बोलणं बंद. "सर, बिलं झाली का?" विचारलं की स्क्रीनकडेच बघत राहतात. कुणी तिसरा आला की, "आम्हाला काय विचारता, आता मोठ्या मॅडम आहेत ना!" खरेदीची बिलं त्यांच्या ट्रेमध्ये १८-१९ तारखेपर्यंत पडून असतात. मला २० ला 3B हे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं. मोठ्या साहेबांकडे गेले तर म्हणतात, "तुम्ही दोघं समजूतदार आहात." आता?

समुपदेशिका

खिडकीपाशी, आधी एक गोष्ट मनाशी स्पष्ट असू द्या. एखाद्याने आपल्याला वगळलं की "आपलं काय चुकलं?" हा विचार आपोआप येतो, पण तो पुरावा नव्हे. वगळले जाण्यावर किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाचं बरंच काम आहे. त्यांच्या प्रयोगांत लोक संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ खेळायचे आणि थोड्या वेळाने बाकीचे दोघे त्यांच्याकडे चेंडू टाकणं बंद करायचे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर खेळणाऱ्यांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणक आहे. तरीही त्यांना वाईट वाटलं. म्हणजे झोंबणं हे जवळपास यांत्रिक आहे. त्यावरून स्वतःचा दोष काढू नका आणि त्या झोंबण्याच्या भरात मेलही लिहू नका.

वागायचं कसं? सकाळी एकदा "नमस्कार सर", उत्तराची वाट न बघता. उत्तर न मिळाल्याबद्दल चेहऱ्यावर काही नाही. आवाज रोजच्याच पातळीवर. मुद्दाम गोड झालात तर ते चिडवल्यासारखं दिसतं. "काय झालं?" हा प्रश्न फक्त एकदा, एकांतात. तोच प्रश्न रोज विचारला की अबोल्याला खतपाणी मिळतं. त्याच्या जोरावर समोरच्याला रोज एकदा मनधरणी मिळत असते, मग तो अबोला कशाला सोडेल?

आणि मध्यस्थ नको. "जरा सरांना विचार ना" म्हणून ऑफिसबॉयला किंवा ट्रेनीला पाठवणं सगळ्यात सोपं वाटतं. पण एकदा ती वाट पडली की तुमच्या दोघांतलं प्रत्येक काम तिसऱ्याच्या तोंडून होतं आणि निरोपात तो आपलं मीठमसाला घालतो.

ताळमेळ

मानसशास्त्र बाजूला ठेवून मी फक्त हिशेबाचं बोलतो, कारण इथली अर्धी गाठ तिथेच सुटते.

खिडकीपाशी, तुम्ही सरांना विचारता "बिलं झाली का?" या प्रश्नाचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे, म्हणून त्यांच्या गप्प बसण्याला वजन आहे. पण तेच उत्तर दुसरीकडेही पडलेलं असतं. महिन्याचं रिटर्न भरणारे पुरवठादार ११ तारखेपर्यंत GSTR-1 हे त्यांच्या विक्रीचं रिटर्न भरतात आणि त्यावरून १४ ला तुमचं GSTR-2B, म्हणजे तुमच्या खरेदीची यादी, तयार होतं. त्यात कुणी, कोणत्या नंबरचं, किती रकमेचं बिल तुमच्या नावावर टाकलं ते सगळं असतं. त्या बिलांवरचा कर तुमच्या भरायच्या करातून वजा होतो, तेच क्रेडिट. १४ ला ते उतरवून घ्या, खरेदी खात्याशी जुळवा. 2B मध्ये आहे पण पुस्तकात नाही, ती बिलं सरांच्या ट्रेमध्ये आहेत किंवा गेटवरून वर आलेलीच नाहीत. विचारायची गरजच उरली नाही.

मग मेल. लांब नको, अशी:

"सर, 2B प्रमाणे पुढील ७ बिलं पुस्तकात दिसत नाहीत, यादी खाली दिली आहे. यांची नोंद १७ तारखेला दुपारी ४ पर्यंत झाली तर या महिन्याच्या क्रेडिटमध्ये घेते. त्यानंतर नोंद झालेली पुढच्या महिन्यात घेईन. यातलं एखादं बिल आपलं नसेल किंवा माल आला नसेल तर तेवढं कळवा."

यातला मधला भाग महत्त्वाचा आहे. उत्तर आलं नाही तर काय होणार हे आधीच लिहिलेलं आहे. मग गप्प बसणं हेही एक उत्तर ठरतं आणि तुमचं काम त्यांच्यासाठी थांबत नाही. शेवटचं वाक्यही ठेवाच. माल न आल्यामुळे किंवा दरात फरक असल्यामुळे बिल खरंच अडकलेलं असू शकतं आणि सर विनाकारण बदनाम होतील.

एक मर्यादा सांगून ठेवतो. तिमाही रिटर्न भरणाऱ्या छोट्या पुरवठादारांची बिलं मधल्या महिन्यांत 2B मध्ये दिसतीलच असं नाही. पण जे तिथे दिसत नाही त्याचं क्रेडिट त्या महिन्यात घेताच येत नाही, म्हणून रिटर्नपुरतं तुमचं काही अडत नाही.

खिडकीपाशी

हे डोक्यातच आलं नव्हतं. मी 2B काढत होते, पण १९ ला, बिलं हातात आल्यावर! मग साहेबांकडे जायचंच नाही का?

ताळमेळ

जायचं, पण आकडा घेऊन. "सर बोलत नाहीत" यावर साहेब "समजूतदार आहात" हेच म्हणणार. त्याऐवजी उदाहरण बघा. बिलं ४ लाखांची, कर १८ टक्के, म्हणजे ७२,००० रुपयांचं क्रेडिट. ती पुस्तकात वेळेत आली नाहीत तर या महिन्यात ७२,००० बँकेतून जादा भरावे लागतात. बुडत नाहीत, पुढच्या महिन्यात घेता येतात, पण तेवढा पैसा महिनाभर अडकतो. आणि बिलांची वाट बघत रिटर्नच लांबवलं तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि रोखीने भरायच्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. हे एका कागदावर मांडा: बिल गेटवर कधी आलं, नोंद कधी झाली, क्रेडिट किती. दोन रकाने तारखांचे, एक रकमेचा. सरांचं नाव कुठेही नको. साहेब आपणहून विचारतील.

टॅलीत एडिट लॉग असतो, त्यात कुणी कधी नोंद केली ते दिसतं. पण तो काढून दाखवू नका. गेटच्या आवक रजिस्टरची तारीख पुरेशी आहे. लॉग काढलात की तुम्ही हेरगिरी करता असा गवगवा होईल आणि तो अगदीच खोटा नसेल.

नियम ५६

एवढी कसरत कशाला? महिला आहात, सरळ अंतर्गत समितीकडे तक्रार द्या. कामाच्या ठिकाणी प्रतिकूल वातावरण निर्माण करणं हा २०१३ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. अबोला त्यातच येतो. शिवाय मोबाइलवर टोमणे रेकॉर्ड करून ठेवा, पुरावा तयार.

जुनी फाइल

नियम ५६, अर्धं बरोबर, पण धोक्याचं अर्धं राहिलं. तो कायदा लैंगिक छळाचा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी समिती हवी, हे खरं. प्रतिकूल वातावरणाचा उल्लेख आहे, हेही खरं, पण तो लैंगिक छळाशी जोडलेला आहे. "मोठ्या मॅडम" हा टोमणा आणि कामावरून धरलेला अबोला एवढ्यावर ही तक्रार टिकायची नाही आणि नंतर खरी वेळ आली तर लोक "यांचं नेहमीचंच" म्हणतील.

शेरे शरीरावरून, कपड्यांवरून, कुणाबरोबर कॉफीला जाता यावरून, म्हणजे लैंगिक रोखाचे असतील तर गोष्ट वेगळी. मग थांबू नका. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. जातीवरून शेरे असतील तर तो आणखी वेगळा, फौजदारी मामला आहे. त्यासाठी वकील गाठा, मनुष्यबळ विभागावर विसंबू नका. मी त्याच विभागातला असून सांगतोय.

रेकॉर्डिंगबद्दल: अनेक कंपन्यांच्या आचारसंहितेत ते मनाई असतं. टोमणा मारणारा सुटतो आणि रेकॉर्ड करणाऱ्याला मेमो मिळतो. त्याऐवजी लिहून ठेवा. तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, समोर कोण होतं, कामावर काय परिणाम झाला. "मला फार अपमानित वाटलं" हे तिथे नको. "दुपारी ३ ला विचारलं, उत्तर नाही, पुरवठादाराचा चेक त्या दिवशी गेला नाही" हे हवं. आणि ही वही घरची असू द्या. कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवलेलं खासगी राहील असं गृहीत धरू नका.

आवकजावक

सरकारी कार्यालयातून लिहिते. आमच्याकडे शेजारचा बोलत नाही याने फारसं बिघडत नाही, कारण बोलायचं सगळं टिपणीवरच असतं. बिघडतं ते फाइल दाबून ठेवल्याने. नस्ती "सापडत नाही", "साहेबांकडे गेलीय वाटतं", आणि असते त्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात.

महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा आहे, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्याप्रमाणे साधारण फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. पण शेजाऱ्याला हा कायदा ऐकवू नका. ऐकवला की तुमच्या टेबलावरच्या फायलीही मोजल्या जातात आणि तिथे कुणीच धुतल्या तांदळाचं नसतं. काम करते ती हस्तांतराची नोंद. फाइल दिली की रजिस्टरला तारीख आणि सही, ई-ऑफिस असेल तर आपोआपच. सही सगळ्यांकडूनच घ्यायची. एकट्या त्याच्याकडून घ्यायला गेलात तर तो अपमान होतो. सगळ्यांकडून घेतलीत तर पद्धत होते.

मौनीबाबा

आता दुसऱ्या बाजूने. अबोला धरणारा मीच, आणि त्याबद्दल मला फार खंत वगैरे नाही. आम्ही का गप्प होतो ते सांगतो, उपयोग होईल.

बोलून काही होणार नाही हे आधी कळलेलं असतं. वीस वर्षं केलेलं काम एका मेलने दुसऱ्याकडे जातं, कुणी विचारत नाही, "कसं करत होता?" असंही नाही. भांडलो तर "वय झालं, चिडचिडे झाले". मग गप्प बसणं एवढंच हातात उरतं. समोरची मुलगी वाईट नसते, हेही माहीत असतं.

सुटतं कशाने? चॉकलेटने नाही, "सर, तुम्ही मला वडिलांसारखे" ने तर मुळीच नाही. कामातला खरा प्रश्न विचारला की सुटतं, ज्याचं उत्तर फक्त आम्हालाच माहीत आहे. "सर, अमुक पुरवठादाराचा दरवर्षी मार्चमध्ये फरक येतो, तुम्ही तो कसा सोडवायचात?" याला उत्तर न देणं फार अवघड जातं. मात्र उत्तर दिल्यावर ते वापरा आणि साहेबांसमोर सांगा की सरांनी सांगितलं.

खिडकीपाशी

मौनीबाबा, हे वाचून थोडं वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. मीही मागून घेतलेलं नव्हतं ते काम.

मौनीबाबा

तेही माहीत असतं. सांगितलं ना.

समुपदेशिका

मग ते एकदाच करायचं बोलणं इथून सुरू करता येईल: "सर, रिटर्न माझ्याकडे आलं ते तुम्हाला न विचारता ठरलं. तुम्हाला ते लागलं असेल तर मी समजू शकते." आणि मग कामाचं.

जुनी फाइल

माझा याला विरोध. समोरच्याच्या भावनेचं नाव आपण घेतलं की ज्येष्ठ माणूस हमखास म्हणतो, "मला कशाला लागेल? उलट सुटलो!" आणि ते वाक्य पुढे चार जणांना मीठ लावून सांगतो. फक्त घडलेली गोष्ट म्हणा, "न विचारता ठरलं, ते बरोबर झालं नाही." लागलं की नाही ते त्याच्यावर सोडा.

समुपदेशिका

म्हणू दे की "सुटलो". भावना नाकारली तरी कुणीतरी ती पाहिली हे त्याला कळलेलं असतं. बरेचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फरक दिसतो.

जुनी फाइल

तुमच्यासमोर खुर्चीत बसलेल्या माणसात दिसत असेल. टेबलावर, चार जणांच्या कानांसमोर, मला उलटच दिसलं आहे. असो, इथे आपलं जुळणार नाही.

दक्षिणेकडे

बेंगळुरूहून. आमच्याकडे अबोल्याचा एक प्रकार भाषेचा. मी आलो की शेजारचे दोघे कन्नडमध्ये सुरू होतात. हाही त्यातलाच का?

जुनी फाइल

गप्पा असतील तर नाही, त्यांचं गाव आहे. कामाची चर्चा असेल तर "माझ्या कामाचं आहे का? असेल तर मलाही सांगा" एवढं म्हणा. पुण्यात बसून आपण अमराठी सहकाऱ्यासमोर हेच करतो, त्यामुळे आवाज बेताचा ठेवावा!

नियम ५६

जागा बदलून घेणं हा सगळ्यात सोपा उपाय कुणीच का सांगत नाही?

ताळमेळ

कारण बिलांचा ट्रे हलत नाही. कामं एकमेकांत गुंतलेली असतील तर खुर्ची हलवून फक्त टोमणे ऐकू येणं थांबतं आणि अडवणूक लांबून चालू राहते. कामाचा संबंध नसलेला शेजारी असेल तर जरूर बदला. अर्जात माणसाचं नाव घालू नका. फोनवर बोलावं लागतं, प्रिंटर जवळ हवा, असं कामाचंच कारण द्या, पण खरं असेल तेच.

खिडकीपाशी

ठरलं. या महिन्यात १४ ला 2B, त्याच दिवशी मेल, पहिल्या दोन वेळा साहेबांना सीसी नाही. मार्चच्या फरकाचा प्रश्न खरोखरच आहे, तो सरांना समोर जाऊन विचारीन. ते "लागलं असेल" वाक्य म्हणायचं की नाही ते अजून ठरत नाही. तिसऱ्या महिन्यातही यादीतली बिलं तशीच राहिली तर तारखांचा कागद साहेबांकडे.

ताळमेळ

सीसी नाही हे उत्तम. पहिल्याच मेलला साहेब सीसीत दिसले की यादी कुणी वाचत नाही, फक्त सीसी वाचली जाते. आणि यादीत जीएसटी नंबर टाकत बसू नका. पुरवठादाराचं नाव, बिल नंबर, तारीख, रक्कम. ट्रेमध्ये कागद शोधणारा माणूस नाव बघून शोधतो. यादी तारखेप्रमाणे न लावता नावाप्रमाणे लावा.